वडे आले, कोरम आला नाही

आमच्या सोसायटीत सभेत प्रश्न विचारला की तो त्या कामासाठी केलेला अर्ज समजतात. जिन्यातले दिवे कधी लागणार असं विचारणाऱ्या वहिनी गेली काही वर्षं बल्ब आणतायत. हे ठाऊक असूनही एप्रिलमधल्या सभेत मी विचारलं, "३१ मार्चला पासबुकात २,०३,१२६ रुपये दिसतात आणि कॅशबुकात १,८४,२६०. असं कसं?" अध्यक्ष प्रसन्न हसले. "पॅनलवरचे ऑडिटर जुलैअखेरपर्यंत काम संपवतील. त्याआधी घरच्या माणसाने एकदा बघून घेतलेलं बरं," असं म्हणून त्यांनी खजिनदार काकांकडे पाहिलं. काकांनी टेबलाखालून पिशवी काढली. ती आधीच भरून ठेवलेली होती.

मी घरी पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'अठरा हजार गायब' हा मजकूर तीनदा फॉरवर्ड झाला होता. मी लिहिलं, "गायब नाहीत. बँकेत उलट १८,८६६ रुपये जास्त आहेत." त्यावर दुसऱ्या मजल्यावरून लगेच उत्तर आलं : "जास्त आहेत म्हणजे लपवले होते."

पिशवीत वर्षभराचं बँक स्टेटमेंट, कॅशबुक, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, टाचणीने टोचलेली व्हाउचरं आणि रेव्हेन्यू स्टँपांचं एक अर्धवट पान होतं. या कागदांचा स्वभाव एकदा कळला की भांडण कुठे आहे ते समजतं. स्टेटमेंटला रक्कम आणि तारीख पाठ असते, पण पैसे कशाचे ते त्याला ठाऊक नसतं. व्हाउचरला कशाचे ते ठाऊक असतं, पण ते बँकेतून कधी गेले याची त्याला फिकीर नसते. आणि पावती म्हणते, मी फाडली म्हणजे पैसे आले. तिघेही खरं बोलतात, फक्त एकाच दिवशी बोलत नाहीत.

रीत जुनी आहे आणि तिला काहीही डोकं लागत नाही. आधी १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक दोन्हीकडे सारखी आहे का पाहायचं, कारण तिथेच फरक असेल तर तुम्ही गेल्या वर्षीच्या खजिनदाराचं पाप या वर्षी शोधत बसाल. मग कॅशबुकातली एक नोंद आणि स्टेटमेंटातली तीच नोंद, दोन्हीवर लाल पेन्सिलीची खूण. चोवीस फ्लॅट, दरमहा २,५०० मेंटेनन्स, म्हणजे महिन्याला साठ हजार. खुणा करता करता संक्रांतीपर्यंत आलो तेव्हा मान अशी आखडली होती की जेवताना बायकोकडे बघायला खुर्ची फिरवावी लागत होती.

अडचण पूर्वी चेकची असायची, आता यूपीआयची आहे. पैसे पाठवताना कारण लिहायला एक रकाना असतो आणि आमचे सभासद तिथे मनातलं लिहितात. एकाने वर्षभर 'doodh' लिहिलंय, कारण एकदा दूधवाल्याला पाठवताना लिहिलं होतं ते फोनने लक्षात ठेवलं. एकाच्या मेंटेनन्सपुढे 'Happy Diwali' आहे, तेही जूनमध्ये. कुणाचे पैसे बंगळुरूच्या मुलाच्या खात्यातून येतात, कुणाचे बायकोच्या माहेरच्या आडनावाने. आणि १४ मार्चला कुणीतरी २,५०१ रुपये पाठवले होते. शकुनाचा रुपया घालून. नावाच्या जागी नुसतं 'SHREE'. काकांनी ते कुणाचे हे न कळल्याने पावती फाडली नव्हती आणि पावती नाही म्हणून कॅशबुकात घेतले नव्हते.

खुणा न झालेल्या नोंदी शेवटी एका कागदावर उतरवल्या. लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा २३,६०० चा चेक काकांनी ३० मार्चला दिला होता. कॅशबुकातून पैसे त्याच दिवशी गेले, बँकेतून ४ एप्रिलला. म्हणजे ग्रुपवर ज्याला लपवलेला पैसा म्हणत होते तो लिफ्टवाल्याच्या खिशात चेक होऊन फिरत होता. उलट ३१ मार्चच्या संध्याकाळी पेटीत टाकलेले मेंटेनन्सचे दोन चेक, ५,००० रुपये, पुस्तकात जमा आणि बँकेत नाही, कारण १ एप्रिलला बँका स्वतःचे हिशेब करत बसतात. बचत खात्याचं ५२९ रुपये व्याज बँकेने न सांगता दिलं होतं. ४०२ च्या आजोबांचा २,५०० चा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला होता आणि त्याबद्दल बँकेने ३०० अधिक जीएसटी असे ३५४ न विचारता घेतले होते. आजोबांचं म्हणणं, सही तीच आहे, हात बदललाय.

आता पुस्तकातल्या शिल्लकेपासून निघायचं. न वटलेला लिफ्टचा चेक मिळवा, वाटेतले ५,००० वजा करा, व्याज आणि ते बिननावाचे २,५०१ मिळवा, आजोबांचा चेक आणि त्याचा दंड वजा करा. बेरीज १८,७७६ आली. फरक होता १८,८६६. नव्वद रुपये उरले.

नव्वद रुपयांत आमच्या नाक्यावर चौघांचा चहासुद्धा धड होत नाही. मी ते स्वतःच्या खिशातून भरून मोकळा झालो असतो, पण ताळमेळाच्या कामात खिशातून भरता येत नाही, एवढीच काय ती त्या कामाची प्रामाणिक बाजू. वडील बँकेत होते. त्यांना फोन केला. त्यांनी फरक किती एवढंच विचारलं आणि म्हणाले, "नवाने भाग जातोय ना? मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. शेजारचे दोन." आणि मॅच लावली आहे म्हणून फोन ठेवला. गंमत अशी की शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तर होणाऱ्या फरकाला नवाने नेहमी भाग जातो. नवाने भाग गेला म्हणजे तीच चूक असेल असं मात्र नाही, पण आधी तिथे शोधावं. शोधलं. पंपाच्या दुरुस्तीचा चेक १,७८० चा, व्हाउचर १,७८० चं, कॅशबुकात १,८७०. रात्रीचे किती वाजले होते ते सांगत नाही, पण मी ओरडलो आणि वॉचमन वर आला.

पैशापर्यंत जुळलं. मी ताळमेळाचं पत्रक सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि ते काकांना दाखवायच्या आधी, केवळ हौसेखातर, पावतीपुस्तकांची बेरीज मारली. ती हौस महागात पडली. वर्षभरात मेंटेनन्सच्या पावत्या ७,१२,५०० च्या. बँकेत मेंटेनन्स म्हणून जमा झालेले, वाटेतले आणि परतलेले चेक धरून आणि ते 'श्री' बाजूला ठेवून, ७,०५,०००. साडेसात हजार बँकेच्या दारापर्यंतच गेले नव्हते.

बँकेशी केलेल्या ताळमेळाचं हेच आहे. बँकेत जे आलंच नाही त्याबद्दल तो काही बोलू शकत नाही. कॅशबुकात नाही, स्टेटमेंटात नाही, मग दोघांचं एकमत. हे पकडायचं तर पावतीची स्थळप्रत आणि बँकेतला भरणा असे दोन कागद समोरासमोर ठेवावे लागतात आणि पावतीची तारीख व भरण्याची तारीख यांत किती दिवस गेले ते बघावं लागतं. दोन-तीन दिवस ठीक. इथे तीन पावत्या होत्या, तिन्ही १०४ च्या, तिन्ही रोख, आणि त्यांचा भरणाच नव्हता.

काकांना विचारायला जाताना जिन्यात माझे पाय जड झाले. शेजारी राहणाऱ्या, सणाला करंज्या पाठवणाऱ्या माणसाला असं काही कसं विचारतात? काकांनी प्रश्न ऐकून घेतला, स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातल्या चहाच्या डब्यामागून एक पाकीट घेऊन आले. आत तीनशे साठ रुपये आणि काही व्हाउचरं.

"१०४ वाले रोख देतात. टाकी धुणारे, गटारवाले रोख मागतात. इकडचे बँकेत भरायचे, तिकडून परत काढायचे, मध्ये दोन रांगा. कशाला?"

"पण कॅशबुकात का नाही लिहिलं?"

"दोन्हीकडे नाही लिहिलं. एकीकडे लिहून दुसरीकडे नाही, असं मी कधी केलेलं नाही."

या तत्त्वज्ञानापुढे मी क्षणभर नि:शब्द झालो. टाकी सफाई ३,६००, तुंबलेलं गटार २,४००, बल्ब ६४०. याला बिलं होती. चौथं व्हाउचर ५०० रुपयांचं, 'सभेचे चहापाणी', घेणाऱ्याची सही नाही. एकूण ७,१४० आणि पाकिटातले ३६०, बरोबर साडेसात हजार. पैसा एकही इकडचा तिकडे नव्हता. पण हे मला तेव्हा कळलं, जेव्हा काका घरी होते आणि पाकीट सापडलं. ते गावाला गेले असते तर १०४ वाल्यांकडे पावती असती, सोसायटीकडे पैसे नसते आणि ग्रुपवर उत्सव असता.

तो चहा मात्र मला सोडवेना. व्हाउचरची तारीख घेऊन इतिवृत्ताचं पुस्तक उघडलं. त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ : 'कोरम न झाल्याने सभा तहकूब.' म्हणजे सभा नाही, आणि चहापाणी पाचशेचं?

"सभेला माणसं यावीत म्हणून वडे आधी मागवले होते," काका म्हणाले. "वडे आले, कोरम आला नाही."

"मग खाल्ले कुणी?"

"जे आले त्यांनी. आम्ही चौघंच होतो."

हा खर्च मान्य करायचा की नाही यावर पुढच्या समिती सभेत जितका वेळ चर्चा झाली तितका वेळ गच्चीच्या गळतीलाही कधी मिळालेला नाही. शेवटी मंजूर झाला, त्या सभेतही वडे होते म्हणून असेल. त्याबरोबर ठराव झाला की रोख आली की आधी पूर्ण बँकेत, खर्चाला वेगळी थोडी रक्कम काकांकडे, ती संपली की व्हाउचरं दाखवून तेवढीच परत घ्यायची. सहीशिवाय व्हाउचर नाही. काकांनी हे सगळं मान खाली घालून लिहून घेतलं आणि त्या कागदाला टाचणी टोचून पिशवीत टाकला.

राहिले ते २,५०१. फलकावर सूचना लावली : '१४ मार्च रोजी खात्यात २,५०१ रुपये भरणाऱ्यांनी पुराव्यासह भेटावे.' पहिल्याच संध्याकाळी दोघं आले, दोघंही थकबाकीदार. दोघांनाही मी यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारला. एक जण चष्मा आणायला गेले ते अजून आलेले नाहीत. दुसरे म्हणाले, एवढा अविश्वास असेल तर राहू दे.

आठवड्याने २०३ मधल्या आजी फोन घेऊन आल्या. क्रमांक आकड्याला आकडा जुळला. पैसे नातीने तिच्या खात्यातून पाठवले होते, खातं त्या मुलीच्या 'श्री' नावाच्या दुकानाचं. वरचा रुपया मात्र आजींनीच घालायला सांगितला होता. शून्यावर संपणारी रक्कम देऊ नये, असं त्यांच्या सासूबाई म्हणत. काकांनी २,५०१ ची पावती फाडली. पुढच्या बिलात आजींच्या नावे एक रुपया आगाऊ जमा दाखवला आणि २,४९९ मागितले. आजींनी २,५०१ पाठवले.