पंचवीस खोल्या, सव्वीस भिंती

नोकरीची 34 वर्षे मी चौकटींमध्ये आकडे भरण्यात घालवली असल्यामुळे, चौकटी पाहून करावयाचे विणकाम आपल्याला जड जाणार नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. देव्हाऱ्याचा जुना पडदा विरला आणि पत्नीने नव्या पडद्यासाठी आलेखाच्या कागदावर ‘श्री’ काढून ठेवली, तेव्हा तो कागद मी मोठ्या आत्मविश्वासाने आपल्याकडे ओढून घेतला. 25 घरे रुंद, 25 ओळी उंच, काही घरे काळी, म्हणजे भरीव विणायची, आणि बाकीची पांढरी, म्हणजे पोकळ ठेवायची. याहून गुंतागुंतीचे ताळेबंद मी दुपारच्या जेवणाआधी पुरे केलेले होते.

या प्रकाराला फिले क्रोशे म्हणतात. फिले म्हणजे फ्रेंच भाषेत जाळी. पूर्वी गाठी मारून केलेल्या जाळीची ठरावीक घरे सुईदोऱ्याने भरून चित्र उमटवीत असत, आणि क्रोशाच्या सुईने त्याची नक्कल करताना जाळी व भरण ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. म्हणजे आधी जाळी नीट जमली की नाही हे पाहून मग चित्राकडे वळण्याची सोयच उरत नाही. जे बिघडते ते एकदमच बिघडते.

पहिली फजिती पायाच्या साखळीतच झाली. खांब म्हणजे उभा उंच टाका; एका घराला एक खांब आणि दोन साखळ्या, म्हणजे तीन टाके, असे पत्नीने सांगितले होते. पंचवीस त्रिक पंचाहत्तर. मी 75 साखळ्या घालून विजयी मुद्रेने कागदाकडे पाहिले, आणि ओळीच्या अखेरीस शेवटचे घर एका बाजूने उघडेच राहिले.

“अहो, चाळीत राहिलात ना इतकी वर्षे?” पत्नी म्हणाली. “ओळीने पंचवीस खोल्या असल्या, तर भिंती किती लागतात?”

सव्वीस लागतात. शेजारच्या दोन खोल्यांची मधली भिंत एकच असली, तरी टोकाच्या खोलीला तिची स्वतःची भिंत हवीच. म्हणून 76 टाके, आणि काठाचे पहिले घर भरीव असल्यामुळे पहिल्या खांबाच्या उंचीसाठी आणखी दोन साखळ्या, म्हणजे 78. सुई आत घालायची ती टोकाकडून चौथ्या साखळीत. पहिले घर पोकळ असते तर 80 साखळ्या लागल्या असत्या आणि सुई आठव्या साखळीत गेली असती. भरीव घरांचे गणितही याच चाळीच्या नियमाने चालते. एका सुट्या भरीव घराचे चार खांब होतात, परंतु जोडीने दोन घरे आली की आठ होत नाहीत, सातच होतात. हे मला पटेपर्यंत ‘श्री’च्या पायथ्याशी एक सुंदर झालर तयार झाली होती, कारण मी प्रत्येक भरीव घराला सढळ हाताने चार खांब देत होतो आणि जास्तीचे टाके सावरून घेण्यासाठी कापड लाटांसारखे उसळत होते.

ते उसवून मी सरावासाठी पणतीचा एक छोटा नमुना केला. तो इतका निर्दोष उतरला की मी तो शेजाऱ्यांनाही दाखवला. त्या पणतीने माझा कसा विश्वासघात केला, हे ‘श्री’च्या सहाव्या ओळीपर्यंत मला कळले नाही. त्या ओळीचा हिशेब कागदावर उजवीकडून असा होता : एक घर भरीव, नऊ पोकळ, दोन भरीव, बारा पोकळ, एक भरीव. मी तो अक्षरशः तसाच विणला. टाके मोजले, ते 76 भरले. घरे मोजली, ती 25 भरली. तरीही अक्षराचा उभा दांडा त्या ओळीत तीन घरे, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर, बाजूला जाऊन उभा राहिला होता. ताळा जुळला होता, फक्त रक्कम भलत्याच्या खात्यात गेली होती.

कारण साधे होते. ओळ संपली की विणकाम उलटावे लागते, त्यामुळे विषम ओळी कागदावर उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात आणि सम ओळी डावीकडून उजवीकडे. सहावी ओळ ‘एक, बारा, दोन, नऊ, एक’ अशी वाचायला हवी होती. मी सगळ्याच ओळी उजवीकडून वाचत आलो होतो. आणि पणती दोन्ही बाजूंनी सारखीच असल्यामुळे तिने या सवयीविषयी चकार शब्द काढला नव्हता. गंमत अशी की सगळ्या ओळींची दिशा जर मी इमानदारीने एकजात उलटी धरली असती, तर पूर्ण ‘श्री’ आरशातल्यासारखी उलटी झाली असती आणि विणकाम नुसते पालथे केल्याबरोबर ती सुलटही झाली असती. संपूर्ण चूक या कामात माफ आहे. एकाआड एक चूक माफ नाही. तेव्हापासून कागदावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बाण काढलेला असतो आणि चालू ओळीच्या वरच्या भागावर पट्टी ठेवलेली असते.

यानंतर दिशा बरोबर आली, मोजणी बरोबर आली, आणि तरीही अक्षर धूसर दिसू लागले. ‘श’च्या गाठीतले एकुलते एक पोकळ घर बुजून गेले होते, आणि तिरक्या रेघेच्या पायऱ्या, जिथे भरीव घरे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभी असतात, त्या उतरणीला लागल्यासारख्या दिसत होत्या. पत्नीने ते काम खिडकीच्या उजेडासमोर धरले आणि एका भिंतीवरून सुईचे टोक खालून वर फिरवत नेले. भिंत चौथ्या ओळीपर्यंत सरळ होती. पाचव्या ओळीत ती एका टाक्याने डावीकडे गेली होती.

खांबाचा माथा त्याच्या धडावर नेमका बसत नाही, किंचित बाजूला कललेला असतो. ओळ उलटली की हा कलही उलटतो, म्हणून एरवी भिंत एकूणात सरळच राहते. मात्र तो माथा कोणता, हे ओळखून त्याचे दोन्ही पदर सुईवर घ्यावे लागतात. मी घाईत कधी शेजारच्या साखळीत सुई खुपसत होतो, तर कधी माथ्याचा एकच पदर उचलत होतो. पहिल्या चुकीने भिंत घराच्या एक तृतीयांश रुंदीने सरकते. दुसऱ्या चुकीने तो पदर ताणला जाऊन खांबाच्या बुडाशी एक भोक पडते, जे कागदावर कुठेच नसते. पायऱ्यांच्या रेघेत तर खालच्या घराची शेवटची भिंत हीच वरच्या घराची पहिली भिंत असते, त्यामुळे तिथे एक टाका ढळला की पूर्ण जिनाच खचतो.

बुजलेल्या घराचे पाप माझ्या साखळ्यांचे होते. खांब मी सैल घालत होतो आणि साखळ्या मात्र दोन्ही दात आवळून. अशा आवळलेल्या साखळ्या दोन्ही भिंतींना एकमेकींकडे ओढतात आणि घराची कंबर डमरूसारखी बारीक होते. उलट साखळी फार सैल झाली तर घराचे छत लोंबते. तसेच पोकळ घरावर भरीव घर आले, की मधले दोन खांब साखळीच्या टाक्यांत घालावेत की साखळीखालच्या मोकळ्या जागेत, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मोकळ्या जागेत घातलेले खांब लवकर होतात व फुगीर दिसतात, मात्र साखळी सैल असेल तर ते एका कोपऱ्यात गर्दी करतात. टाक्यांत घातलेले जागचे हलत नाहीत, पण डोळे फुटतात. पत्नी पहिल्या पक्षाची आहे आणि तिचे खांब शिस्तीत उभे राहतात. माझे राहत नाहीत, म्हणून मी नाइलाजाने दुसऱ्या पक्षात आहे. एकाच कामात पक्षांतर मात्र करू नये. ते लगेच दिसते.

अर्धे काम झाल्यावर ‘श्री’ बसकी दिसते आहे, असे माझ्या लक्षात आले. मोजले तेव्हा दहा घरांची रुंदी पाच सेंटिमीटर होती आणि दहा ओळींची उंची चारच. याच हिशेबाने साडेबारा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असे अक्षर झाले असते, वरून कोणीतरी पाट ठेवून बसल्यासारखे. मी दीड मिलिमीटरची सुई टाकून मोठी सुई घेतली. अक्षर मोठे झाले आणि तितकेच बसके राहिले, कारण सुईबरोबर रुंदी आणि उंची दोन्ही वाढतात. खरा उपाय पहिल्या फासात होता. माथ्यात सुई घालून दोरा बाहेर ओढला की जो पहिला फास मिळतो, तो जितका वर उचलावा तितका खांब उंच होतो. मी तो बाहेर येताक्षणी दाबून टाकत होतो. पुन्हा सगळे उसवले, दीडची सुई परत घेतली, प्रत्येक फास मुद्दाम थोडा वर उचलला, आणि दहा ओळी चार दशांश आठ सेंटिमीटर भरल्या. उरलेला अर्धा सेंटिमीटर टाचण्यांवर सोडता येतो. अडीच सेंटिमीटर सोडता येत नाहीत; तो प्रयोगही मी करून पाहिला आहे.

विणून झाल्यावर काम धुऊन, थर्माकोलच्या पाटावर साडेबारा सेंटिमीटरचा चौकोन आखून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवायचे असते. आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य, मग उरलेले. हे सारे मी केले आणि कडकपणा यावा म्हणून त्यावर साबुदाण्याची खळ लावली. ती थोडी दाट झाली होती. सकाळी पाहतो तो प्रत्येक पोकळ घरात एकेक पारदर्शक पडदा वाळून ताठ झालेला. इतक्या कष्टाने मोकळी राखलेली शेकडो घरे एका रात्रीत काचेच्या खिडक्यांची झाली होती.

“तळायच्या का?” पत्नीने विचारले. “उपासाला चालतील.”

पुन्हा कोमट पाण्यात भिजवणे आले. या वेळी खळ पाण्यासारखी पातळ केली, काम टॉवेलात दाबून जादा खळ टिपून घेतली, आणि ओले असतानाच विणकामाच्या बोथट सुईने घराघरांतून फिरून सगळी दारे उघडी आहेत ना, याची खात्री केली. वाळल्यावर खाली काळा कागद सरकवला, तेव्हा ‘श’च्या गाठीतले ते एकुलते घर टाचणीच्या माथ्याएवढे का होईना, पण चौकोनी आणि काळे दिसले. मी ते बराच वेळ पाहत होतो.

पडदा देव्हाऱ्याला लावला, दिवा लावला, आणि मग मला एक गोष्ट सुचली जी पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती. जाळी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. म्हणजे बाहेरून आम्हाला ‘श्री’ सुलटी दिसत असली, तरी आत बसलेल्या देवांना ती कायमची उलटी दिसणार. हे मी पत्नीला काळजीच्या स्वरात सांगितले.

“त्यांना वाचता येईल,” ती निरांजनात तूप घालत म्हणाली. “सम ओळी कुठून वाचायच्या, ते त्यांना माहीत असतं.”