अमोनियाच्या निबंधातलं 450 अंशांचं गौडबंगाल

«औद्योगिक रसायनशास्त्र – हमखास येणारा निबंध!! 1) हेबर पद्धतीत 450° ठेवतात कारण त्या तापमानाला अमोनिया सर्वात जास्त बनतो. 2) लोखंडाचा उत्प्रेरक समतोल अमोनियाच्या बाजूला ढकलतो. 3) तरीही एका फेरीत फक्त 15% अमोनिया, बाकी 85% वायू वाया! म्हणून युरिया महाग. 4) 200° ला 80% च्या वर अमोनिया मिळतो, हे कंपन्या शेतकऱ्यांपासून लपवतात. सर्व ग्रुपवर पाठवा.»

ग्रुपांवर फिरणारा हा मजकूर सांगलीत टी. वाय. बी. एस्सी.ला असलेल्या भाचीच्या निबंधात काना-मात्रेसकट उतरला. ती नापास झाली नाही, उलट तिला बरे गुण पडले, म्हणून हे लिहिणं भाग आहे. हेबर पद्धत म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन दाबाखाली तापवून अमोनिया बनवण्याची कारखान्यातली पद्धत, आणि युरिया याच अमोनियापासून बनतो.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त विष त्यात आहे आणि नाइलाजाने कबूल करायचं तर थोडं सत्यही त्यातच आहे. आकडा खोटा नाही. N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃ या अभिक्रियेत अमोनिया बनण्याचा आणि तुटण्याचा वेग सारखा झाला की समतोल आला म्हणतात. त्या समतोलाचा तक्ता हेबरच्या काळापासून छापलेला आहे, आणि 1923 साली लार्सन आणि डॉज या संशोधकांनी नव्याने मोजमापं केली तेव्हाही चित्र तेच राहिलं. 200 अॅटमॉस्फिअर दाबाला आणि 1:3 मिश्रणाला समतोलात अमोनिया साधारण असा असतो: 200 अंश सेल्सिअसला 86 टक्के, 300 ला 63, 400 ला 36, 500 ला 18 आणि 600 ला 8. शंभर वर्षं पाठ्यपुस्तकात छापला जाणारा तक्ता कोण कुणापासून लपवणार?

हाच तक्ता पहिल्या मुद्द्याचाही निकाल लावतो. 450 अंशांपाशी कुठलंही शिखर नाही. तापमान वाढेल तसा समतोलातला अमोनिया घसरतच जातो, कारण अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. अमोनियाच्या दर मोलमागे साधारण 46 किलोज्यूल, आणि रिॲक्टरच्या तापमानाला ती 53 च्या आसपास जाते.

पण हा तक्ता फक्त एवढंच सांगतो की अनंत वेळ दिला तर शेवट कुठे होईल. तिथवर पोचायला किती वेळ लागेल याबद्दल तो मुका आहे. आपल्या ऊसपट्ट्यात हे वेगळं समजवावं लागू नये: दिवसाचं गाळप किती आणि उतारा किती, हे दोन वेगळे आकडे असतात. नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला मोलमागे 945 किलोज्यूल लागतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर तो तुटणं सोपं होतं, तरी सगळ्यात संथ पायरी तीच राहते. (ही यंत्रणा पायरी-पायरीने उलगडणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना 2007 चं नोबेल मिळालं.) लोखंडाचा उत्प्रेरक 350 ते 370 अंशांच्या खाली जवळपास झोपलेला असतो. 200 अंशांना वेग निदान शेकडो पटींनी पडतो. नुसता पाचशे पट धरला, तरी जिथे 50 घनमीटर उत्प्रेरक पुरतो तिथे 25,000 घनमीटर लागेल, आणि तोही 200 अॅटमॉस्फिअर सोसणाऱ्या पोलादी भांड्यात. असं भांडं कोणी बांधत नाही. त्यात कट नाही, हिशोब आहे.

आता खरी गंमत, जी त्या मजकुरात नाही आणि भाचीच्या पुस्तकातही जेमतेम एका ओळीत आहे. रिॲक्टरमध्ये एकच तापमान नसतंच. वायू उत्प्रेरकाच्या थरातून जाताना स्वतःच तापतो. अमोनिया एका टक्क्याने वाढला की मिश्रण सुमारे 16 अंशांनी तापतं. म्हणजे वेग वाढतो, पण त्याच वेळी समतोलाची मर्यादा खाली येते. अमोनियाचं प्रमाण वर आणि मर्यादा खाली, अशी दोघं एकमेकांच्या दिशेने धावतात आणि जिथे गाठ पडते तिथे अभिक्रिया थांबते.

एक हिशोब करून बघू. दाब 200 अॅटमॉस्फिअर, आत येणारा वायू 380 अंशांना आणि त्यात आधीच्या फेरीतून उरलेला 3 टक्के अमोनिया. थरात उष्णता बाहेर काढायची सोय नाही. अमोनिया 3 वरून 13 टक्क्यांवर गेला की 10 टक्क्यांची वाढ गुणिले 16, म्हणजे 160 अंश, आणि तापमान 540. आता 540 अंशांना समतोल काय म्हणतो? साधारण 13 टक्केच. संपलं. थर दुप्पट जाड केला तरी एक टक्का वाढणार नाही. तोच वायू 420 अंशांना आत सोडला तर गाठ 556 अंशांपाशी, साडेअकरा टक्क्यांवर पडते. सुरुवात अधिक गरम, शेवट अधिक वाईट. मग 340 ला सोडा की! कागदावर साडेचौदा टक्के मिळतात, पण लोखंड तिथे पेटच घेत नाही आणि वायू येतो तसा बाहेर जातो.

यातून सुटायची वाट अशी: 13 टक्क्यांचा तो वायू बाहेर काढायचा, 400 अंशांपर्यंत थंड करायचा आणि दुसऱ्या थरात सोडायचा. तिथे 490 च्या आसपास 18-19 टक्के मिळतात. पुन्हा 400 ला आणून तिसऱ्या थरात, मग 22-23. (हे शुद्ध मिश्रणाचे आणि समतोलापर्यंत पोचल्याचे आकडे आहेत. कारखान्यात वायूत मिथेन आणि आर्गॉन असतात आणि समतोल पूर्ण गाठला जात नाही, म्हणून प्रत्यक्षात दोन-चार टक्के कमी धरा.) थंड करायच्या दोन पद्धती आहेत: एकतर थंड ताजा वायू मधेच मिसळायचा, नाहीतर उष्णता-विनिमयकातून न्यायचा. पहिली पद्धत स्वस्त, पण मिसळलेला वायू आधीचा थर चुकवून येतो, त्यामुळे अमोनियाचं प्रमाण पातळ होतं.

तेव्हा निबंधात 450 लिहायचंच असेल तर ते या तापत आणि थंड होत जाणाऱ्या, करवतीसारख्या आलेखाची ढोबळ सरासरी म्हणून लिहावं. अमोनिया कमी असताना तापमान चढं परवडतं, कारण समतोल अजून लांब असतो. अमोनिया वाढेल तसं उत्तम तापमान खाली येत जातं. प्रत्येक टप्प्याचं उत्तम तापमान वेगळं.

कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस हा समतोल-वेगाचा वाद रोज कसा सोडवतो? थराच्या तोंडाचं तापमान चार-पाच अंशांनी वाढवून बघतो. बाहेर पडणाऱ्या वायूतला अमोनिया वाढला तर थर वेगाअभावी अडकला होता: उत्प्रेरक म्हातारा झालाय किंवा वायूत कार्बन मोनॉक्साइड नाहीतर पाण्याची वाफ आलीय. लोखंडाला ऑक्सिजनवाल्या संयुगांचे दशलक्षात काही कणही सोसत नाहीत, तेव्हा सगळ्यात गरम जागा थरात खाली सरकताना दिसते. उलट बाहेरचा अमोनिया घटला तर थर समतोलाला टेकलाय आणि तोंडाचं तापमान उतरवायला हवं. पण उतरवण्याला हद्द आहे. थंड वायू जास्त सोडला तर थर विझतो, वरचं आणि खालचं तापमान सारखं व्हायला लागतं, आणि मग सुरुवातीची भट्टी पेटवून सगळं पुन्हा तापवावं लागतं. दुसऱ्या टोकाला 530 अंशांच्या वर फार काळ ठेवलं तर लोखंडाचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग कायमचा घटतो.

दुसरा मुद्दा थोडक्यात. उत्प्रेरक पुढची आणि उलटी, दोन्ही अभिक्रिया सारख्याच पटीने वेगवान करतो. वरच्या तक्त्यातला एकही आकडा त्याने हलत नाही. यातलं अर्धसत्य एवढंच की चांगला उत्प्रेरक कमी तापमानाला काम करू देतो आणि तिथे समतोल अधिक उदार असतो. 1992 पासून कॅनडात रुथेनियमच्या उत्प्रेरकावर कारखाना याच कारणासाठी चालवला गेला, दाबही 90 बारच्या आसपास ठेवून. लपवालपवीच्या आरोपाला याहून वेगळं उत्तर नको.

तिसऱ्या मुद्द्यात तर वजाबाकीच चुकली आहे. 25 मोल नायट्रोजन आणि 75 मोल हायड्रोजन घ्या. त्यातून 13 मोल अमोनिया झाला तर वायूंचे 26 मोल खर्ची पडले, 74 उरले, एकूण 87. 87 मध्ये 13 म्हणजे 15 टक्के. बाहेरच्या वायूत 15 टक्के अमोनिया असणं म्हणजे एका फेरीत 26 टक्के कच्चा माल वापरला जाणं, कारण चार रेणूंचे दोन होतात. आणि उरलेले 74 मोल कुठे जातात? मिश्रण थंड केलं की अमोनिया द्रवरूपात वेगळा होतो आणि बाकीचा वायू कंप्रेसरने पुन्हा रिॲक्टरच्या तोंडाशी येतो. बाहेर सोडावा लागतो तो थोडासा, तोही मिथेन आणि आर्गॉन साठत जातात म्हणून, आणि त्यातलाही हायड्रोजन बहुतेक ठिकाणी गाळून परत घेतात. एका फेरीतलं प्रमाण वाढलं तर फिरवण्याची आणि थंड करण्याची वीज वाचते, कच्चा वायू फारसा नाही.

राहिली युरियाची किंमत. अमोनियाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा हायड्रोजन बनवायला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा असतो. आणि दुकानात 45 किलोच्या पोत्याला मोजायचे 266 रुपये केंद्र सरकार ठरवतं, खर्चातला फरक अनुदानातून भरला जातो. मिरजेतल्या शेतकऱ्याच्या पोत्याची किंमत रिॲक्टरमधल्या टक्क्यांवर ठरतच नाही.