अमुक तमुक ॲट जीमेल डॉट कॉन

सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत पंचेचाळिशीचा माणूस तरुण समजला जातो, आणि तरुण माणसाला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असंही समजलं जातं. त्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना यंदा पोस्टाऐवजी ईमेलने पाठवायचा ठराव झाला, तेव्हा सूचक, अनुमोदक आणि नुसत्या माना डोलवणारे असे सगळेच माझ्याकडे बघत होते. "यादी तयारच आहे," चिटणीस म्हणाले. "तू फक्त बटण दाबायचंस."

यादी होती हे खरं. तेराशेच्या वर ओळींची एक्सेल फाइल. पण ती तीन घरची होती. काही पत्ते जुन्या ग्रंथपालबाईंनी वर्षानुवर्षं जमवलेले, काही ऑनलाइन फॉर्ममधून सभासदांनी स्वतःच्या अंगठ्याने भरलेले, आणि उरलेले काउंटरवरच्या वहीतून कोणाच्या तरी भाच्याने सुट्टीत टाइप केलेले. भाच्याला सभासदांचं अक्षर लागत नव्हतं आणि सभासदांना भाच्याची घाई माहीत नव्हती.

"चार-दोन पत्ते चुकले तर काय बिघडतं?" असं खजिनदारकाकांनी विचारलं. काका, बिघडतं. ज्याला सूचना मिळत नाही तो सभासद सभेत उभा राहून 'मला सूचना मिळालीच नाही' अशी हरकत घेतो. सूचना न मिळता तो बरोबर वेळेवर, पुढच्या रांगेत कसा येऊन बसतो, हे कोडं आमच्या संस्थेत अजून सुटलेलं नाही. शिवाय एका दमात पाठवलेल्या मेलपैकी बऱ्याच परत आल्या, की मेल सेवा पाठवणाऱ्याकडेच संशयाने बघायला लागतात. मग पत्ता बरोबर असलेल्यांचीही सूचना स्पॅममध्ये, लॉटरी आणि केसांच्या तेलाच्या शेजारी जाऊन पडते.

मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर काम सुरू केलं. पहिला शत्रू म्हणजे स्पेस. मोबाइलच्या कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला, की तो पुष्कळदा मागे एक स्पेस ठेवून जातो. फॉर्म भरणाऱ्याला ती दिसत नाही आणि यादी बघणाऱ्यालाही दिसत नाही. तिच्यावर एक्सेलमध्ये `TRIM` आहे, ते आगेमागेच्या स्पेस कापतं. ते चालवलं आणि उगाचच खूश झालो असतो, पण आपल्याला `LEN` लावून अक्षरं मोजायची सवय आहे. `amuk.tamuk@gmail.com` हा पत्ता मोजा: बरोबर 20 अक्षरं भरतात. माझ्यासमोरचा तसाच दिसणारा पत्ता 21 सांगत होता. `TRIM` केल्यावरही 21. शेवटचं अक्षर कोणतं म्हणून `CODE(RIGHT(A2,1))` विचारलं, तर उत्तर आलं 160.

ही साधी स्पेस नव्हे. साध्या स्पेसचा नंबर 32. 160 म्हणजे वेबपानांवर दोन शब्द एका ओळीत जखडून ठेवायला वापरतात ती स्पेस. वेबपानावरून पत्ता कॉपी करून चिकटवला, की ती सोबत येते, आणि `TRIM` तिला हातही लावत नाही, कारण त्याला फक्त 32 ओळखू येतो. म्हणून शेजारच्या B रकान्यात आधी 160 चं 32 करायचं आणि मग कापायचं:

```
=LOWER(TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," ")))
```

`LOWER` आपलं डोळ्यांच्या सोयीसाठी. मोबाइल पहिलं अक्षर मोठं करतो म्हणून काही मेल अडत नाही.

मधल्या स्पेसचं काय? ईमेल पत्त्यात स्पेस नसतेच, तेव्हा सरसकट सगळ्या उडवून टाकाव्यात, असा सल्ला मला एका हुशार पुतण्याने दिला. ऐकला नाही. कारण एकाच चौकटीत दोन पत्ते लिहिणारे सभासद आहेत, एक घरचा आणि एक ऑफिसचा, मध्ये नुसती स्पेस. ती उडवली की दोन्ही पत्त्यांचा सांधा जुळतो आणि जगात कुठेही न पोचणारा एक लांबलचक पत्ता तयार होतो. म्हणून आधी प्रत्येक ओळीत @ किती आहेत ते मोजायचं:

```
=LEN(B2)-LEN(SUBSTITUTE(B2,"@",""))
```

उत्तर 1 आलं तर ठीक, मधली स्पेस खुशाल उडवावी. 2 आलं तर घर आणि ऑफिस. 0 आलं तर मजा. एकाने संपूर्ण `attherate` असं अक्षरांत लिहिलं होतं. बोलताना आपण तसंच म्हणतो, त्यामुळे त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. एका आजोबांनी ईमेलच्या रकान्यात 'आहे' एवढंच लिहिलं होतं. प्रश्न होता 'ईमेल', उत्तर दिलं 'आहे'. यावर कुठलाही फॉर्म्युला चालत नाही.

आता स्पेलिंग. इथे मी एक नियम केला. पत्त्यात @ च्या डावीकडे माणूस असतो आणि उजवीकडे गाव. गावाचं नाव चुकलं तर पोस्टमन ओळखून सुधारतो, पण माणसाचं नाव त्याने अंदाजाने बदलू नये. गावं मोजकी असतात, माणसं अमाप. म्हणून उजवी बाजू वेगळी काढली:

```
=MID(B2,FIND("@",B2)+1,100)
```

आणि तिचा पिव्होट टेबल करून, सगळ्यात जास्त वेळा आलेलं वर, अशी उतरंड लावली. वर `gmail.com` ठाण मांडून, खाली `yahoo.co.in`, `rediffmail.com`, `yahoo.com`, आणि मग तळाशी एकेकदाच आलेल्यांची जत्रा. `gmial.com`, `gamil.com`, `gmail,com`, याहूच्या सवयीने `gmail.co.in`. `gmail.con` मात्र बरेच, कारण कीबोर्डवर एन आणि एम शेजारी-शेजारी नांदतात. शेवटचा एम खाल्ला की `gmail.co`, आणि `.co` हे टोक कोलंबिया देशाचं. ओ खाल्ला की `.cm`, म्हणजे कॅमेरून. एका सभासदाने सी खाऊन `gmail.om` केलं होतं. मला वाटलं श्रद्धेने लिहिलं असेल, पण `.om` ओमानचं निघालं. ही टोकं खरीच आहेत, त्यामुळे असा पत्ता दिसायला अगदी वैध असतो, आणि आमच्या वाचनालयाचा ताळेबंद परदेशातल्या कोणा उपटसुंभाच्या सर्व्हरवर जाऊ शकतो. त्यात लपवण्यासारखी शिल्लक नाही, हा भाग निराळा.

मात्र तळाला आहे म्हणून चूकच, असंही नाही. खजिनदारकाका मागे उभं राहून स्क्रीनवर बोट टेकवत होते (बोटाचा ठसा अजून आहे). "हे बघ, `ymail.com`! जी च्या जागी वाय पडलाय. कर दुरुस्त." मी त्यांचं बोट बाजूला केलं. वायमेल खरंच आहे, ती याहूचीच सेवा. `rocketmail.com` सुद्धा थट्टेने लिहिलेलं नसतं. याहूचं तर `yahoo.com`, `yahoo.co.in` आणि `yahoo.in` तिन्ही खरी, आणि तिन्हींवर त्याच नावाची तीन वेगळी माणसं असू शकतात. तिथे अंदाज करायला गेलात, की एकाची सूचना दुसऱ्याच्या घरी.

डाव्या बाजूला हात लावायचा नाही म्हटलं, तरी तिथली एक चूक न विचारता कळते. जीमेलच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंबं एवढंच चालतं. अंडरस्कोर चालत नाही. त्यामुळे `amuk_tamuk@gmail.com` असं दिसलं की काहीतरी गडबड आहे हे नक्की. पण गडबड कोणती? टिंबाच्या जागी अंडरस्कोर पडलाय, की पत्ता मुळात याहूचा आहे आणि हाताने सवयीने जीमेल लिहिलं? ते फाइल सांगत नाही. असे पत्ते पिवळे करून फोनच्या यादीत टाकले.

मग दुबार नावं. एक्सेलमध्ये 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' नावाचं बटण आहे, आणि चिटणीसांना तेच एक बटण माहीत आहे. ते दाबलं की पहिली ओळ राहते, बाकीच्या निमूट जातात, आणि किती गेल्या तेवढा आकडा कळतो. कोण गेलं ते कळत नाही. म्हणून मी आधी `=COUNTIF(B:B,B2)` लावून एकाहून अधिक वेळा आलेल्यांची तोंडं पाहून घेतली. निम्मे खरेच दुबार होते, म्हणजे कार्ड हरवलं की नवं सभासदत्व घेणारे. उरलेले जोडपी. यजमान आणि सौ. दोघंही सभासद, दोघांची वर्गणी वेगळी, मताचा हक्क वेगळा, ईमेल मात्र एकच, यजमानांचा. बटण दाबलं असतं तर बरीच बायकामंडळी सभासद यादीतूनच अंतर्धान पावली असती, आणि पुढची सभा मला घराबाहेरून बघावी लागली असती, कारण त्यांत आमची हीसुद्धा होती. तेव्हा पत्ता एकदाच ठेवला, पण नावाच्या रकान्यात दोन्ही नावं लिहिली. सभासदांची मूळ यादी आणि मेल पाठवायची यादी या दोन निराळ्या फाइली असतात, हे कार्यकारिणीला समजावताना चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

बटणाला न दिसणारे दुबारही असतात. जीमेल डाव्या बाजूची टिंबं मोजतच नाही. `amuk.tamuk` आणि `amuktamuk` त्याच्या लेखी एकच खातं, आणि एक्सेलच्या लेखी दोन इसम. वेगळ्या रकान्यात फक्त जीमेलवाल्यांची टिंबं काढून ताडून पाहिलं, तेव्हा एक निवृत्त मुख्याध्यापक तीन वेगवेगळ्या टिंबांनिशी तिनदा सभासद निघाले. हे याहूवाल्यांना लावायचं नाही बरं का, तिथे टिंबाने माणूस बदलतो.

पाठवायची वेळ आली तेव्हा साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 500 जणांपर्यंतच जाता येतं, म्हणून सूचना तीन दिवसांत हप्त्याहप्त्याने सोडली. पत्ते बीसीसीत टाकले. 'टू' मध्ये टाका, म्हणजे कोणाकोणाला गेलं ते सगळ्यांना दिसेल, हा खजिनदारकाकांचा पारदर्शक कारभाराचा आग्रह मोडून काढावा लागला. नाहीतर प्रत्येक आजोबांचं 'सूचना मिळाली, धन्यवाद' हे उत्तर सगळ्या सभासदांना गेलं असतं.

तरी काही परत आल्याच. `550-5.1.1`, म्हणजे असं खातं अस्तित्वात नाही. खाली जीमेलने आपुलकीने सुचवलं होतं, की पत्त्यात टायपिंगची चूक किंवा अनावश्यक स्पेस आहे का ते तपासून पाहा. तपासून पाहा! एवढ्या दिवसांनी मला हे शिकवतोय!

परत आलेले आणि पिवळे केलेले, असे सगळे फोनवर घेतले. ईमेल 'आहे' असणाऱ्या आजोबांना पहिला फोन लावला.

"नमस्कार, वाचनालयातून बोलतोय. आपला ईमेल हवा होता."

"आहे ना."

"हो, पण काय आहे?"

"ते मुलगा बघतो. तो असतो सिॲटलला."

"मग त्यांचाच द्या, त्यांना पाठवतो."

"त्याला विचारलंय मी. तो म्हणतो बाबा, ईमेल हल्ली वाचतो कोण. तुम्ही असं करा, एक पोस्टकार्ड टाका."