राबियानं इबादत सोडली नव्हती

“स्वर्ग जाळायला मशाल आणि नरक विझवायला पाणी घेऊन राबिया रस्त्यावर निघाली. सूफींना नमाज-रोजा नकोच होता, फक्त प्रेम हवं होतं. आणि जिक्र म्हणजे मन शांत करायचं मेडिटेशन, दुसरं काही नाही.”

अशी एक पोस्ट फिरते. तिच्यातलं एकेक तपासू. आधी मशालीबद्दल. इराकमधल्या बसऱ्याची सूफी संत राबिया 801 साली वारली. स्वतःचं लिहिलेलं तिनं काही ठेवलं नाही. तिच्या जवळच्या काळातला लेखक जाहिज हाही बसऱ्याचाच. तो तिचा उल्लेख विरक्त स्त्री म्हणून करतो. मशाल-पाण्याची गोष्ट जुआंविल या फ्रेंच सरदाराच्या 1309 मधल्या ग्रंथातही येते, पण तिथं ती दमास्कसमधली एक निनावी म्हातारी आहे. म्हणून ही गोष्ट वाचायचीच नाही असं नाही. लोकांनी राबियाला कसं आठवलं हे तिच्यातून कळतं. राबिया काय म्हणाली याचा पुरावा मात्र ती होत नाही.

तिच्या नावावरची प्रार्थना फारसी कवी अत्तारनं दिली आहे. तो बाराव्या-तेराव्या शतकातला, म्हणजे तिच्यापासून चारेकशे वर्षं लांब. प्रार्थनेचा आशय असा: नरकाच्या भीतीनं तुझी इबादत करत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेनं करत असेन तर स्वर्ग मला बंद कर, पण तुझ्यासाठीच करत असेन तर तुझं सौंदर्य माझ्यापासून लपवू नकोस. पेन्सिल घेऊन ‘इबादत’वर खुणा करा. तिन्ही वाक्यं त्याच शब्दावर उभी आहेत. प्रश्न ती कशासाठी करायची हा आहे, करायची की नाही हा नाही. हाच अत्तार सांगतो की राबिया दिवस-रात्र मिळून हजार रकात, म्हणजे नमाजाची हजार आवर्तनं, पढायची. आकडा चरित्रकाराच्या भक्तीतला धरा हवं तर, पण नमाज नको म्हणणाऱ्या बाईचं चरित्र असं कोणी लिहीत नाही.

प्रेम आणि जिक्र, म्हणजे ईश्वराचं स्मरण, यांचं नातं समजून घ्यायचं तर तिच्याच नावानं चालत आलेल्या चार अरबी द्विपदींकडे यावं. दहाव्या शतकातला सूफी लेखक अबू तालिब मक्की यानं त्या दिल्या आहेत. मी तुझ्यावर दोन प्रेमं करते, ती म्हणते: एक ओढीचं आणि दुसरं तू त्याला लायक आहेस म्हणून. ओढीचं प्रेम म्हणजे इतर सगळं टाकून तुझ्या जिक्रमध्ये बुडणं. दुसरं प्रेम म्हणजे मी तुला पाहावं म्हणून तू पडदे दूर करणं. विद्यार्थी इथं हमखास घसरतात. जिक्र वरच्या पायरीवर असणार असं ते गृहीत धरतात, पण या ओळींत ते पहिल्या प्रेमाकडे आहे. तिथं करणारी ती आहे, दुसऱ्यात करणारा ‘तो’ आहे. शेवटी ती म्हणते, यातही माझी स्तुती नको, त्यातही नको, दोन्हींत ती तुझीच. इस्लामी विचारवंत गजाली (मृत्यू 1111) या ओळींवर लिहितो की पहिलं प्रेम ईश्वरानं केलेल्या उपकारांमुळे आहे, दुसरं त्याच्या सौंदर्यामुळे, आणि दुसरं थोर.

आता मेडिटेशन. ‘अल्लाहच्या जिक्रनं हृदयांना समाधान मिळतं’ हे कुरआनातलं वाक्य (13:28) पोस्टवाल्यांना पाठ असतं. त्याच्याशेजारी 8:2 ठेवून वाचा. तिथं अल्लाहचं नाव निघताच श्रद्धावंतांची हृदयं थरारतात. अरबीत जिक्र म्हणजे आठवणंही आणि नाव घेणंही, म्हणून आपल्याला नामस्मरण चटकन आठवतं. तेवढ्यापुरती तुलना चालेल. पण 2:152 म्हणते, ‘तुम्ही माझं स्मरण करा, मी तुमचं करीन.’ स्मरण दोन्हीकडून आहे. नुसत्या चित्तशांतीच्या चौकटीत हे दुसरं टोक बसतच नाही.

कृती कशी, तेही गजालीच सांगतो. साधक एकांतात बसतो, फर्ज म्हणजे सक्तीच्या आणि नेमाच्या सुन्नत नमाजांपुरताच राहतो, त्या वेळी कुरआनपठणही बाजूला ठेवतो (पोस्टवाल्यांना एवढं श्रेय द्यायला हरकत नाही), आणि ध्यान लावून ‘अल्लाह, अल्लाह’ म्हणत राहतो. मग जीभ हलवायची थांबली तरी शब्द वाहत असल्यासारखा वाटतो. पुढे जिभेवरची खूण पुसते आणि हृदय म्हणत राहतं. त्यानंतर हृदयातली अक्षरंही जातात, अर्थ उरतो. इथवरचं साधकाच्या हातात. पुढे फक्त वाट पाहायची, उघडणं ईश्वराकडे. यावर विद्वानांचा आक्षेपही तो नोंदवतो: आधी शास्त्र न शिकता या वाटेनं गेल्यास डोकं फिरू शकतं, शरीर बिघडू शकतं, आणि भ्रमालाच माणूस साक्षात्कार समजून वर्षानुवर्षं अडकतो.

वाचताना आधी कुरआनातली ती तीन वाक्यं घ्या, मग राबियाच्या ओळी, मग गजाली. अत्तारच्या गोष्टी सर्वांत शेवटी.