मृगाच्या मुहूर्तावर ॲपचे अनावरण

कीटकनाशके आणि बियाणे विकणाऱ्या एखाद्या कंपनीत आपण नुकतेच रुजू झाला असाल आणि जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांच्या चालकांना नवे ॲप समजावून सांगणारे सादरीकरण तयार करण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर सर्वप्रथम तारीख ठरवून टाकावी. ॲपमध्ये काय काय असेल, हे मागाहून ठरले तरी चालते. तारीख ठरवताना पाऊसपाण्याकडे ढुंकूनही पाहू नये, तिमाही कधी संपते तेवढे पाहावे. १ जून ही तारीख या दृष्टीने उत्तम आहे, कारण तिमाही संपायला पुरता महिना उरतो आणि तेवढ्या अवधीत वरिष्ठांना दाखवण्याजोगा आलेख उभा राहतो. आठवड्याभरात मृग लागतो, दुकानापुढे कपाशीच्या पाकिटांसाठी गर्दी असते आणि खताच्या पॉस यंत्रावर एखाद्या आजोबांचा झिजलेला अंगठा चौथ्यांदाही उमटत नसतो, हे खरे. परंतु अनुदानित खताची विक्री २०१८ पासून देशभर त्याच यंत्रावरून होत असल्याने विक्रेत्याला यंत्रापुढे हात टेकण्याचा दांडगा सराव असतो. त्या सरावाचा आपण लाभ घ्यावा.

ॲपची चाचणी मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून घ्यावी. त्या दिवसांत रब्बीची मोठी खरेदी आटोपलेली असते, खरिपाची आगाऊ नोंदणी सुरू व्हायची असते आणि विक्रेत्याला ऑर्डर देण्यासारखे फारसे काही नसते. ज्या ॲपवर ऑर्डरच पडत नाहीत, ते ॲप सहसा बंद पडत नाही. चाचणीसाठी निवडायचे दहा विक्रेतेही असे असावेत, की ज्यांच्या घरी संगणक शिकलेला मुलगा आहे आणि ज्यांचे खाते कधी थकलेले नाही. 'चाचणी यशस्वी' असे तिसऱ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिता येण्यासाठी एवढी काळजी पुरेशी आहे.

पहिल्या स्लाइडवर गव्हाच्या शेतात उभ्या असलेल्या, इस्त्रीचा सदरा घातलेल्या तरुणाचे छायाचित्र असावे. सभागृहातील सर्व मंडळी कापूस आणि तुरीच्या पट्ट्यातील असली तरी हरकत नाही.

आता वैशिष्ट्यांकडे वळू. विक्रेत्याला कंपनीकडून जाणून घ्यायच्या गोष्टी फार थोड्या असतात. आपले लेजर बरोबर आहे का, मागच्या हंगामाच्या स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे त्याच्या भाषेत 'सीएन', कधी पडणार आणि गाडी डेपोतून निघाली का. यांपैकी एकही गोष्ट पहिल्या टप्प्यात घेऊ नये. पहिल्या टप्प्यात शुभेच्छापत्रे, पीक सल्ल्याचे व्हिडिओ, गुणांचे चक्र आणि शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक नोंदवण्याची सोय असावी. ही शेवटची सोय 'आपल्या ग्राहकाशी नाते' या मथळ्याखाली मांडावी. तिसऱ्या रांगेतील जुना विक्रेता हसतो, तो आनंदाने हसतो असे समजावे. वीस वर्षे उधारी देऊन जमवलेले गिऱ्हाईक तो कंपनीच्या सर्व्हरवर फुकट नोंदवणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि त्यालाही.

लेजर दाखवलेच पाहिजे असा आग्रह वरून झाला, तर ते 'ताजे' आहे असे लिहावे, मात्र किती ताजे ते लिहू नये. समजा, एका विक्रेत्याची उधारीची मर्यादा १५ लाख रुपये आहे आणि लेजरवर १४ लाख २० हजार बाकी दिसते आहे. शनिवारी दुपारी तो ४ लाख रुपये आरटीजीएसने भरतो आणि पैसे अर्ध्या तासात कंपनीच्या बँकेत पोहोचतात. परंतु लेखा विभाग ती जमा सोमवारी दुपारी नोंदवतो आणि ॲप कंपनीच्या मूळ प्रणालीतून रात्री एकदाच आकडे उचलते, म्हणून ॲपवर ती मंगळवारी सकाळी उगवते. रविवारी रात्री दमदार पाऊस पडतो. सोमवारी सकाळी विक्रेता ३ लाखांचा माल मागवायला बसतो. हिशेबाने त्याला ४ लाख ८० हजारांपर्यंत माल मिळायला हवा. शिवाय रब्बीच्या स्कीमची १ लाख १० हजारांची सीएन कंपनीकडे अडकली आहे, ती धरली तर ५ लाख ९० हजारांपर्यंत. ॲपच्या मते त्याच्याकडे ८० हजारच शिल्लक आहेत. ॲप ऑर्डर नाकारते आणि कारण म्हणून 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश दाखवते. कारण नेमके लिहिले, तर विक्रेता बँकेची पावती घेऊन भांडायला येतो, म्हणून संदेश असा मोघमच ठेवावा. तो बिचारा पाच वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि हे पाचही प्रयत्न आपल्या अहवालात 'वापर' म्हणून मोजले जातात.

ऑर्डरच्या चौकटीत 'संख्या' एवढाच शब्द असावा. एका पेटीत २५० मिलीच्या ४० बाटल्या असतात. दिवाणजी ४० लिहितात ते बाटल्या समजून आणि ॲप घेते ते पेट्या समजून. ४० बाटल्यांऐवजी १६०० बाटल्या दारात उतरल्या की त्या महिन्याची विक्री वाढते, आणि सेल्स रिटर्न यायचे तेव्हा पुढची तिमाही लागलेली असते.

ओटीपी मात्र दुकानाच्या परवान्यावर ज्यांचे नाव आहे त्यांच्याच क्रमांकावर पाठवावा. परवाना बहुधा वडिलांच्या नावावर असतो आणि वडील आषाढात वारीला गेलेले असतात. दुकानात बसलेला मुलगा त्यांना फोन लावतो, दिंडीच्या गजरात सहापैकी चार आकडे ऐकू येतात आणि तेवढ्यात मुदत संपते. सुरक्षिततेच्या स्लाइडवर कुलपाचे चित्र टाकायला विसरू नये.

इतके सगळे होऊनही जूनअखेर बहुतेक विक्रेते ॲपवर ऑर्डर देत असल्याचे दिसेल. त्याने हुरळून जायला हरकत नाही, फक्त आकडे उलगडून पाहू नयेत. उलगडले, तर बऱ्याचशा ऑर्डर महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत, रात्री नऊनंतर आणि वीस-वीस दुकानांच्या नावे एकाच मोबाइलवरून पडलेल्या आढळतील. तो मोबाइल टेरिटरी मॅनेजरचा असतो. विक्रेत्यांकडून ओटीपी विचारून घेऊन, व्हॉट्सॲपवर आलेल्या चिठ्ठ्यांच्या फोटोंवरून तो लॉजच्या खोलीत बसून ऑर्डर भरत असतो, कारण त्याचा प्रोत्साहन भत्ता आता ॲपवरील ऑर्डरींना बांधला आहे. मोबाइलनिहाय यादी काढणे ही दहा मिनिटांची गोष्ट आहे, म्हणूनच ती कोणाला काढू देऊ नये.

वेळापत्रकाच्या स्लाइडवर तीन बाण असावेत. पहिल्यावर १ जून, दुसऱ्यावर 'दिवाळीच्या सुमारास' आणि तिसऱ्यावर 'लवकरच'. सीएन तिसऱ्या बाणात ठेवावी. जुनी पद्धत कधी बंद होणार, हे मात्र खाली बारीक अक्षरांत लिहावे: 'व्हॉट्सॲप व फोनवरील ऑर्डर १ जूनपासून स्वीकारल्या जाणार नाहीत.' दोन्ही पद्धती एक हंगाम शेजारी शेजारी चालवून कुठे फरक पडतो ते पाहावे, असे सुचवणारा एखादा डेपोवाला भेटेलच. त्याला जेवणाच्या व्यवस्थेवर नेमावे.

शेवटची स्लाइड मदत क्रमांकाची. स्वतंत्र मदत कक्षाला अर्थसंकल्पात तरतूद नसल्याने तिथे टेरिटरी मॅनेजरचाच मोबाइल क्रमांक द्यावा. सभागृहातील सर्व जण खिशातून फोन काढतील, पण तो क्रमांक उतरवून घेण्यासाठी नव्हे. तो त्यांच्याकडे पूर्वीपासूनच आहे, आणि गुलाबजाम येईपर्यंत त्यांपैकी तिघांनी त्यावर उद्याच्या मालाची चिठ्ठी पाठवलेली असेल.