प्रेसला जुनीच फाइल कशी पाठवावी

सप्टेंबर लागला. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० तारखेच्या आत उरकायच्या, त्याआधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस द्यायची, आणि नोटिशीसोबत अहवाल घरोघरी पोचवायचा. त्यामुळे कोपरीपासून कासारवडवलीपर्यंत अख्ख्या ठाण्याला अहवाल एकाच आठवड्यात छापून हवा असतो. अशा घाईत प्रेसला बरोबर फाइल पाठवून प्रेसवाल्याला फुकटचा आराम कशाला द्यायचा? नुकताच आमच्या प्रेसमध्ये एक अहवाल हातावेगळा झालाय. त्यातून समस्त सेक्रेटरी आणि खजिनदारांसाठी काही सूचना सुचल्या, त्या अशा.

फाइलचं नाव `Ahwal_Final.pdf` ठेवा. दुरुस्ती झाली की `Ahwal_Final_New.pdf`, मग `Ahwal_Final_New_Last.pdf`. नावात तारीख चुकूनही घालू नका, नाहीतर कुठली नवी ते लगेच कळेल.

दुरुस्ती वर्डमध्ये करा आणि पाठवा पीडीएफ. वर्डमध्ये सेव्ह दाबलं की फक्त वर्डची फाइल बदलते. आधी काढून ठेवलेली पीडीएफ होती तशीच राहते, कारण ती त्या दिवसाच्या मजकुराची वेगळी प्रत असते. नवी हवी तर पुन्हा एक्स्पोर्ट करावी लागते. पण आकडा स्क्रीनवर बदललेला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणजे पीडीएफलाही तो कळला असणारच.

फाइल नेहमी डाउनलोड्समधूनच जोडा. तिथे `Ahwal_Final.pdf` आणि `Ahwal_Final (1).pdf` शेजारी शेजारी असतील. कंसातला आकडा एवढंच सांगतो की त्याच नावाची फाइल दुसऱ्यांदा उतरवली. आतला मजकूर नवा की जुना, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. 'डेट मॉडिफाइड'वर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवा. मागच्या आठवड्यातला मेल उघडून त्यातली जोडणी आज पुन्हा उतरवलीत, तर तिथे बहुधा आजचीच तारीख पडते. तीच दाखवून प्रेसवाल्याला ठणकावून सांगा, "अहो, आजची फाइल आहे!"

गूगल ड्राइव्हची लिंक दिली असेल तर उत्तमच. नवी फाइल चढवताना ड्राइव्ह विचारतो, जुनी बदलू की दोन्ही ठेवू? दोन्ही ठेवा. नव्या फाइलला नवी लिंक मिळेल आणि प्रेसकडे जुनी राहील.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. मेलमध्ये फाइलचं वर्णन अगदी तपशीलवार करा, पण फाइल उघडून बघू नका. नमुना घ्या. मेलमध्ये लिहिलेलं: एकूण २४ पानं, पान ९ वर पाणीपट्टीचा आकडा सीएंनी ५ तारखेला दुरुस्त केला, आता तो ४,६८,३०० आहे, आणि पान १० व ११ वर थकबाकीदारांची यादी नव्याने घातली आहे. जोडलेल्या फाइलमध्ये पानं २२, पान ९ वर ४,८६,३००, यादीचा पत्ता नाही. अॅक्रोबॅट रीडरमध्ये `Ctrl+D` दाबलं की पीडीएफची जन्मतारीख `Created` या ओळीत दिसते. तिथे होती २ सप्टेंबर. ५ तारखेची दुरुस्ती २ तारखेच्या पीडीएफमध्ये कशी येणार? इथे वादाचा प्रश्नच नाही.

पण वाद घालावाच. "२२ कशी असतील? तुम्ही कव्हर सोडून मोजली असतील." मग तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या मोबाइलवरून फाइल पुन्हा पाठवावी, म्हणजे तीच जुनी व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलावी. मग घरी जाऊन जुनी वर्ड फाइल उघडावी आणि तिची ताजी पीडीएफ काढावी. आता `Created` आजची आणि मजकूर २ तारखेचा! वर्डमधून काढलेल्या पीडीएफची जुनी जन्मतारीख फाइल जुनी असल्याचा पुरावा असते. नवी जन्मतारीख कशाचाच पुरावा नसते. शेवटी पानच उघडून बघावं लागतं. शोधा म्हणाल, तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या अहवालात `Ctrl+F` ला मराठी शब्द सापडतच नाही. डोळ्यांनीच वाचायचं.

प्रूफ आलं की न उघडता अंगठा दाखवा.

आणि छपाईच्या प्लेटा निघाल्यावर, संध्याकाळी सात वाजता, फोन करा: "दोनच पानं घालायची राहिलीत हो, बाकी सगळं तेच आहे."

दोनच पानं! ए-फोर आकाराचा, मधोमध पिना मारलेला २४ पानी अहवाल आमच्या मशीनवर तीन मोठ्या कागदांवर छापला जातो, प्रत्येक बाजूला चार पानं. एकाच रंगात छापला तरी सहा बाजूंच्या सहा प्लेटा. घडी घातल्यावर पानं ओळीने यावीत म्हणून प्लेटवर पुढचं आणि मागचं पान शेजारी बसतं. पान १ सोबत २४, ४ आणि २१. पान २ सोबत २३, ३ आणि २२. पान ९ सोबत १६, १२ आणि १३. तुमच्या २२ पानी फाइलमध्ये शेवटची दोन पानं कोरी सोडून हा हिशेब बसवला होता. आता पान ९ नंतर दोन पानं घुसली की जुनं १० झालं १२, जुनं २२ झालं २४. पान १ ते ८ मध्ये एक अक्षर बदललेलं नाही, तरी ती वाचत नाहीत, कारण त्यांच्या शेजारची मागची पानं सरकली. सहाच्या सहा प्लेटा भंगारात. नुसता पाणीपट्टीचा आकडा बदलायचा असता तर पान ९ ची एकच प्लेट गेली असती. यादी अहवालाच्या शेवटी, त्या दोन कोऱ्या पानांवर टाकली असती तर आकड्यासकट तीन प्लेटांत भागलं असतं. पण नाही! यादी ताळेबंदाच्या आधीच हवी, म्हणे, लोकांनी ती आधी वाचावी म्हणून.

आणि यावर काय ऐकवावं? "तुम्ही बघून घ्यायला हवं होतं."

काय बघून घ्यायचं? तुमच्या सोसायटीत पाण्याचे टँकर किती आले ते प्रेसला माहीत असतं का? बरोबर आकडा कुठला, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. पानं कमी आहेत, तारीख जुळत नाही, हे सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. सभा २८ तारखेला म्हणजे नोटीस १३ तारखेला वाटून व्हायला हवी, हे तुम्हाला जूनपासून माहीत होतं. तरी १२ तारखेच्या रात्री मशीनवर उभं राहायचं आम्ही!

साधं काम आहे, दोन मिनिटांचं. पाठवलेल्या मेलमध्ये जा. तिथली जोडणी उघडा, कॉम्प्युटरवरची नाही, पाठवलेलीच. शेवटच्या पानाचा नंबर बघा. जे पान बदललं म्हणून लिहिलंय, ते पान काढा आणि आकडा वाचा. जुळत नसेल तर जुनी फाइल रद्द असं स्पष्ट लिहून नवी पाठवा, नावात तारीख घालून: `Ahwal_2025-09-05.pdf`. प्रूफ कागदावर काढून ज्यांना आकडे कळतात त्या खजिनदारांकडून प्रत्येक पानावर सही घ्या. एवढं होत नसेल तर दुसऱ्यांदा काढलेल्या सहा प्लेटांचं बिल सोबत जोडलंय. त्यावर घासाघीस करू नका, आणि बिल पास करायच्या आधी तेवढं तरी उघडून बघा.