पन्नास हजारांच्या स्पॉन्सरचे हातात किती उरतात?

परवा भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. पुण्यातल्याच कॉलेजात आहे, यंदा फेस्टचा ट्रेझरर झालाय. "मामा, स्पॉन्सरशिपचा तक्ता बघ ना एकदा." मीही त्याच्या वयात हेच काम केलंय आणि आता पोटापाण्यासाठी दिवसभर हिशेबच बघतो, म्हणून चहा बाजूला ठेवून बसलो.

तक्ता दिसायला छान होता. टायटल, को-स्पॉन्सर, असोसिएट, स्टॉल. रकमेपुढे स्पॉन्सरला काय मिळणार, आणि त्यापुढे त्या पैशातून आपलं काय भागणार. असोसिएटच्या ओळीत होतं: ५०,००० = दोन दिवसांची साउंड सिस्टिम. साउंडवाल्याचं कोटेशन सगळं धरून ४४,०००. म्हणजे सहा हजार शिल्लक, असं पोरांनी धरलेलं.

मी विचारलं, "हे पन्नास जीएसटीसकट की वेगळे?" तो गप्प.

कॉलेजची जीएसटी नोंदणी आहे आणि बिल कॉलेजच्या नावानेच निघतं. स्टॉल आणि जाहिरातीचं बिल म्हटलं की त्यावर १८ टक्के लागतात. दुकानदाराशी "पन्नास" एवढंच बोलणं झालं असेल, तर तो सगळं धरून पन्नासच देणार. मग मूळ रक्कम होते ४२,३७३ आणि ७,६२७ रुपये सरकारचे. स्पॉन्सर कंपनी असेल तर मूळ रकमेवर २ टक्के टीडीएस कापते, ते ८४७. हे कॉलेजला नंतर मिळतात, पण फेस्टच्या दिवशी ते हातात नसतात. राहिले ४१,५२६.

आता याच स्पॉन्सरला आपण जे कबूल केलंय त्याचा खर्च. दहा बाय दहाचा स्टॉल, टेबल, खुर्च्या, लाइटचा पॉइंट: मांडववाल्याचे ३,५००. दहा बाय आठचे दोन फ्लेक्स म्हणजे १६० चौरस फूट, फ्रेमसकट १५ रुपयांनी २,४००. स्टॉलवरच्या चार माणसांचं दोन दिवसांचं जेवण, १,२००. झाले ७,१००. उरतात ३४,४२६, आणि साउंडवाला मागतोय ४४,०००. तक्त्यात सहा हजार शिल्लक दिसत होते, तिथे साडेनऊ हजारांचा खड्डा निघाला.

सगळ्यात वाईट अवस्था तळच्या ओळीची होती. ५,००० चा स्टॉल. कर काढला की ४,२३७, स्टॉलचेच ३,५००, दोन माणसांच्या जेवणाचे ६००. हातात १३७ रुपये! असे वीस स्टॉल आणायला पोरं महिनाभर लक्ष्मी रोडपासून कर्वेनगरपर्यंत उन्हात फिरणार.

माझं स्पष्ट मत आहे की "काय मिळणार" आणि "काय भागणार" या दोन रकान्यांच्या मध्ये तिसरा रकाना हवाच: स्पॉन्सरला दिलेला शब्द पाळायला लागणारा खर्च. तो वजा केल्याशिवाय "साउंड भागला" असं लिहायचंच नाही. आणि प्रत्येक रकमेपुढे "अधिक जीएसटी" छापायचं. पोरांना वाटतं त्याने गिऱ्हाईक पळेल. गाड्यांच्या शोरूमवाल्याला त्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून तो तेवढे वजा करतो, त्याला फरक पडत नाही. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या कॅफेला ते मिळत नाही, त्याच्याशी थोडं नमतं घ्यावं लागतं.

पेठेतल्या दुकानदाराला हे फार समजावून सांगावं लागत नाही. गणपतीत तो मंडळाला वर्गणी देतो, आणि रस्त्याकडेच्या रनिंग मंडपावर जाहिरात लावायची असेल तर त्याचे पैसे वेगळे मोजतो. वर्गणी काय आणि जाहिरात काय, त्याला पक्कं माहीत असतं.

अजून एक गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली. आमच्या वर्षी आम्ही साउंडचा एकच खर्च दोन स्पॉन्सरांच्या ओळीत दाखवला होता. दोघांकडून पैसे येतील असं धरलं आणि लाइटसाठी कोणीच उरलं नाही. त्यात टायटल स्पॉन्सरने अर्धी रक्कम "कार्यक्रमानंतर" ठेवली, ती दोन महिन्यांनी आली. तोवर मांडववाले काका रोज संध्याकाळी गेटवर यायचे. आवाज कधीच चढवला नाही त्यांनी. "बाळा, माझ्याकडे पण पोरं कामाला आहेत," एवढंच म्हणायचे. ते आठवलं की आजही लाज वाटते. म्हणून पैसे किती येणार याबरोबर कधी येणार तेही तक्त्यात हवं, आणि ज्याला आगाऊ द्यायचे तो खर्च आगाऊ देणाऱ्या स्पॉन्सरच्याच ओळीत.

रात्री अकरापर्यंत बसलो. असोसिएट आता ५५,००० अधिक जीएसटी आहे: टीडीएसचे १,१०० आणि सोयींचे ७,१०० गेले की ४६,८०० उरतात, साउंड खरंच भागतो. स्टॉल ८,००० अधिक जीएसटी, जेवण ज्याचं त्याने बघायचं. टायटलसाठी सत्तर टक्के आधी, बाकीचे फेस्टच्या आदल्या दिवशी.

उद्या तो हाच कागद घेऊन सातारा रोडच्या एका शोरूममध्ये जाणार आहे.